चुकांची दुरुस्ती आणि उचंत खाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुका सुट्या सुट्या पाहिल्या की त्यांचा एकमेकींवर होणारा परिणाम दिसत नाही. म्हणून इथली बहुतेक उत्तरे एकाच उदाहरणाभोवती दिली आहेत. एका व्यापाऱ्याच्या वर्षअखेरच्या तेरजेत नावे बाजूची बेरीज ४,८३,७०० आली आणि जमा बाजूची ४,८६,३००. नावे बाजू २,६०० ने कमी पडली. तेवढी रक्कम उचंत खात्याच्या नावे दाखवून तेरीज जुळवली आणि कच्च्या हिशेबात निव्वळ नफा ९४,००० निघाला. त्यानंतर वह्या तपासताना सात चुका सापडल्या. त्या एकेक करून पुढे येतील.

चुकांचे चार प्रकार कोणते? दुरुस्तीची नोंद करण्यासाठी ते पाठ असायला हवेत का?

व्यवहार वहीत लिहायचाच राहिला किंवा त्याची खतावणी राहून गेली, तर ती विसरचूक. लिहिला, पण रक्कम, बेरीज, बाजू किंवा खाते चुकले, तर ती लेखनचूक. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांची गल्लत झाली, म्हणजे हिशेबाचे तत्त्वच मोडले, तर ती तत्त्वाची चूक. आणि दोन स्वतंत्र चुकांनी एकमेकींचा परिणाम झाकला, तर ती भरपाईची चूक.

परीक्षेत हे प्रकार विचारले जातात, तेव्हा ते यायला हवेत. पण दुरुस्तीची नोंद या नावांवरून ठरत नाही. एकाच प्रकारातल्या दोन चुकांना अगदी वेगळी नोंद लागू शकते. नोंद ठरते ती एका प्रश्नावर: चुकीमुळे एकच खाते बिघडले आहे की दोन? एकच बिघडले असेल तर चूक एकतर्फी आणि दोन बिघडली असतील तर दुतर्फी. माझ्या मते शिकवताना ही विभागणी आधी यावी आणि चार नावे नंतर. बहुतेक ठिकाणी होते नेमके उलटे.

मग उचंत खाते नेमके कधी घ्यायचे?

चूक एकतर्फी असेल आणि तेरीज उचंत खाते घालून जुळवलेली असेल, तेव्हा. एकतर्फी चुकीत दुरुस्तीला एकच खाते असते. रोजकीर्दीतल्या नोंदीला मात्र दोन बाजू लागतात, म्हणून दुसरी बाजू उचंत खात्याने भरून निघते. दुतर्फी चुकीत दोन्ही बाजूंना खरी खाती असतात, त्यामुळे तिथे उचंत खात्याचे काम नाही.

चूक एकतर्फी की दुतर्फी हे ओळखायला ती कुठल्या टप्प्यावर झाली ते पाहा. समजा ६४० चे बिल खरेदी पुस्तकात लिहितानाच ४६० लिहिले गेले. मग पुस्तकाच्या बेरजेत ४६० गेले आणि विक्रेत्याच्या खात्यातही ४६० च गेले. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या, तेरीज जुळली, चूक दुतर्फी. पण तेच बिल पुस्तकात ६४० असे बरोबर लिहिले आणि विक्रेत्याच्या खात्यात उतरवताना ४६० झाले, तर खरेदी खाते बरोबर आहे आणि एकटे विक्रेत्याचे खाते चुकले आहे. ही एकतर्फी चूक. आकडे तेच आणि प्रकारही तोच, लेखनचूक. तरी नोंदी वेगळ्या.

सहाय्यक पुस्तकाची बेरीज चुकली तर काय होते, यातही बरेच जण अडखळतात. विक्री पुस्तकाची बेरीज फक्त विक्री खात्यात जाते. ऋणकोंच्या खात्यांत रकमा एकेका बिलावरून आधीच उतरलेल्या असतात. म्हणून बेरजेची चूक नेहमी एकतर्फी असते आणि तिच्या दुरुस्तीत ऋणकोंना हात लावायचा नसतो.

दुरुस्तीची नोंद डोक्यात बसत नाही. काही ठरावीक रीत आहे का?

आहे, आणि सवय होईपर्यंत ती कागदावर लिहूनच करावी. पहिल्यांदा बरोबर नोंद काय व्हायला हवी होती ते लिहा. त्याखाली प्रत्यक्षात काय झाले ते लिहा. मग झालेल्यावरून हव्या असलेल्यापर्यंत पोहोचायला काय करावे लागेल ते लिहा. ही तिसरी ओळ म्हणजेच दुरुस्तीची नोंद.

जरा अवघड उदाहरण घेऊ. माधवकडून ३,००० चा माल उधारीवर खरेदी केला, पण तो चुकून विक्री पुस्तकात लिहिला गेला.

हवे होते: खरेदी खाते नावे ३,०००, माधवचे खाते जमा ३,०००.
झाले: माधवचे खाते नावे ३,०००, विक्री खाते जमा ३,०००.

खरेदी खात्यात काहीच गेलेले नाही, तिथे ३,००० नावे हवेत. विक्री खात्यात नको असलेले ३,००० जमा आहेत, ते काढायला विक्री खाते ३,००० ने नावे. माधवच्या खात्यात ३,००० जमा असायला हवे होते, तिथे ३,००० नावे पडले आहेत. नावे पडलेले रद्द करायला ३,००० आणि खरी देणी दाखवायला आणखी ३,०००, असे ६,००० जमा.

खरेदी खाते नावे ३,०००
विक्री खाते नावे ३,०००
  माधवचे खाते जमा ६,०००
(माधवकडून केलेली उधार खरेदी विक्री पुस्तकात लिहिली गेली, ती चूक दुरुस्त केली.)

माधवच्या खात्यात ३,००० च जमा केले तर त्याचे खाते शून्यावर येते, म्हणजे त्याचे काही देणेच नाही असे दिसते. नोंद लिहून झाली की प्रत्येक खात्यात आता खरी स्थिती दिसते का, एवढे पडताळून घ्या. ही पडताळणी केली की अशी चूक हातून सुटत नाही.

उदाहरणातल्या व्यापाऱ्याच्या वहीत कुठल्या विसरचुका आणि लेखनचुका निघाल्या?

पहिली विसरचूक होती. समीरला ८,००० चा माल उधारीवर दिला, पण ते बिल विक्री पुस्तकात चढलेच नाही. दोन्ही बाजू रिकाम्या राहिल्या, त्यामुळे तेरजेला पत्ता नाही.

समीरचे खाते नावे ८,०००
  विक्री खाते जमा ८,०००

माल गोदामातून गेला होता आणि अखेरचा साठा प्रत्यक्ष मोजून घेतला होता. म्हणजे त्या मालाची किंमत साठ्यातून आधीच वगळली गेली होती. म्हणून पूर्ण ८,००० ने नफा वाढतो. माल गेला तरी साठ्यात तो धरलेला राहिला असता, तर साठाही कमी करावा लागला असता आणि नफ्यात फक्त फरकाची रक्कम आली असती.

दुसरी चूक खरेदी पुस्तकाच्या बेरजेची. बेरीज १,००० ने कमी आली होती.

खरेदी खाते नावे १,०००
  उचंत खाते जमा १,०००

तिसरी दिसायला किरकोळ वाटते. अनिलकडून मिळालेले ४,५०० रोख सुनीलच्या खात्यात जमा झाले. एकाच्या जागी दुसऱ्याचे वैयक्तिक खाते आले. तेरीज जुळते, नफाही बदलत नाही. पण वसुलीला निघालात तर पैसे देऊन मोकळा झालेला अनिल थकबाकीदार दिसतो आणि सुनील सुटतो. अशी चूक बहुधा ग्राहकाच्या तक्रारीतूनच उघडकीला येते.

सुनीलचे खाते नावे ४,५००
  अनिलचे खाते जमा ४,५००

चौथीत वसंतला दिलेले ५,४०० रोकड वहीत बरोबर होते, पण वसंतच्या खात्यात नावे टाकताना ४,५०० झाले. आकड्यांची अदलाबदल, ९०० कमी.

वसंतचे खाते नावे ९००
  उचंत खाते जमा ९००

चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम दुप्पट का करतात?

पाचवी चूक याच जातीची. ग्राहकाला दिलेली ३५० ची सूट त्याच्या खात्यात बरोबर जमा झाली. पण दिलेली सूट खात्यात ती नावे पडायच्या ऐवजी जमा पडली. नुसते ३५० नावे टाकले तर चुकीची जमा फक्त पुसली जाते आणि सूट खात्यात काहीच उरत नाही. सूट तर खरोखर दिली आहे. ती दाखवायला आणखी ३५० लागतात.

दिलेली सूट खाते नावे ७००
  उचंत खाते जमा ७००

तेरजेवरही परिणाम ७०० चाच झाला होता. नावे बाजू ३५० ने घटली आणि जमा बाजू ३५० ने फुगली.

तत्त्वाची चूक तेरजेत का सापडत नाही? तिची दुरुस्ती कशी?

कारण हिशेब लिहिणाऱ्याने रक्कम बरोबर घेतली, बाजू बरोबर घेतली, फक्त खात्याची जातच चुकवली. सहावी चूक अशी होती: नवे यंत्र बसवायला दिलेली ६,००० मजुरी नेहमीच्या मजुरी खात्यात गेली. यंत्र चालू स्थितीत येईपर्यंतचा असा खर्च यंत्राच्या किमतीत धरायचा असतो.

यंत्र खाते नावे ६,०००
  मजुरी खाते जमा ६,०००

इथेच थांबले तर दुरुस्ती अर्धवट राहते, आणि बऱ्याच उत्तरपत्रिका इथेच थांबतात. यंत्राची किंमत ६,००० ने वाढली म्हणजे घसाराही वाढला. यंत्र वर्षाच्या सुरुवातीपासून वापरात असेल आणि घसाऱ्याचा दर १० टक्के असेल, तर

घसारा खाते नावे ६००
  यंत्र खाते जमा ६००

म्हणजे या चुकीने नफा ६,००० ने नव्हे, निव्वळ ५,४०० ने कमी दिसत होता. प्रश्नात घसाऱ्याचा उल्लेख नसेल तर दुसरी नोंद करू नये, पण दर दिला असेल तर ती अपेक्षित असतेच.

उलट गल्लतही होते. जुन्या यंत्राची किरकोळ दुरुस्ती यंत्र खात्यात गेली की नफा फुगतो आणि मालमत्ताही. तपासणीच्या दृष्टीने ही जास्त धोक्याची, कारण नफा फुगवून दाखवायचा असेल तर हाच रस्ता सोयीचा असतो. लेखापरीक्षक मालमत्तेच्या खात्यातल्या लहान लहान रकमा मुद्दाम काढून बघतात ते यासाठी.

भरपाईच्या चुकीत दोन्ही चुका एकाच नोंदीत मिटवल्या तर चालते का?

सातवी चूक म्हणजे दोन चुकांची जोडी. विक्री पुस्तकाची बेरीज २,००० ने जास्त झाली होती, त्यामुळे जमा बाजू फुगली. पगार खात्याची बेरीजही २,००० ने जास्त घेतली गेली, त्यामुळे नावे बाजू फुगली. दोघींनी एकमेकींना झाकले. दोन्ही एकाच वेळी सापडल्या तर विक्री खाते नावे २,०००, पगार खाते जमा २,००० अशी एकच नोंद गणिताने बरोबर आहे. तरी मी दोन वेगळ्या नोंदी करायला सांगेन, कारण या दोन चुकांचा आपसात काहीही संबंध नाही. रक्कम योगायोगाने सारखी आहे, इतकेच. वर्षभराने कुणी वही उघडली तर विक्री आणि पगार यांचा हा काय व्यवहार झाला, असा प्रश्न त्याला पडेल.

विक्री खाते नावे २,०००
  उचंत खाते जमा २,०००

उचंत खाते नावे २,०००
  पगार खाते जमा २,०००

प्रत्यक्षात तर दोन्ही एकदम सापडत नाहीतच. आधी विक्रीची सापडते, पगाराची दडलेली राहते. पूर्ण जुळलेल्या तेरजेत असे झाले, तर एक खरी चूक दुरुस्त केल्यावर तेरीज उलट बिघडते! तेव्हा घाबरून नोंद मागे घेऊ नये. उचंत खात्यात २,००० ची जमा बाकी आली, याचा अर्थ कुठेतरी नावे बाजू २,००० ने जास्त किंवा जमा बाजू तेवढीच कमी लागलेली आहे. शोध कुठे घ्यायचा ते ही बाकीच सांगते.

निव्वळ नफ्यावर या जोडीचा परिणाम शून्य आहे, पण ढोबळ नफा २,००० ने जास्त दिसत होता, कारण विक्री व्यापार खात्यात जाते आणि पगार नफा-तोटा खात्यात. ढोबळ नफ्याचे प्रमाण बघून किमती ठरवणाऱ्याची त्यात फसगत होते.

सगळ्या नोंदींनंतर उचंत खाते आणि नफा कुठे आला?

उचंत खात्यात नावे बाजूला सुरुवातीचे २,६०० आणि पगाराचे २,०००, मिळून ४,६००. जमा बाजूला खरेदीचे १,०००, वसंतचे ९००, सूट खात्याचे ७०० आणि विक्रीचे २,०००, मिळून ४,६००. खाते बंद झाले.

नफ्याकडे येऊ. समीरच्या विक्रीने ८,००० वाढले, खरेदीच्या बेरजेने १,००० घटले, मजुरी निघाल्याने ६,००० वाढले, घसाऱ्याने ६०० घटले, सूट खात्याने ७०० घटले. अनिल-सुनील आणि वसंत यांच्या चुका वैयक्तिक खात्यांतल्या, त्यांचा नफ्याशी संबंध नाही. विक्री आणि पगार एकमेकांत फिटले. एकूण वाढ ११,७००, म्हणून खरा निव्वळ नफा १,०५,७००.

आता एक गोष्ट बघा. उचंत खाते ज्या तीन चुकांनी उघडावे लागले, त्यांनी नफा फक्त १,७०० ने हलवला. तेरजेत न दिसलेल्या पहिल्या आणि सहाव्या चुकीने तो १३,४०० ने हलवला.

उचंत खाते शून्य झाले म्हणजे सगळ्या चुका सापडल्या, असे समजावे का?

नाही. एकतर्फी चुका संपल्या, किंवा उरलेल्या एकमेकींना झाकत आहेत, एवढेच त्यावरून म्हणता येते. राहून गेलेली बिले शोधायला बिलांचे अनुक्रमांक पाहावे लागतात, मधला क्रमांक गायब आहे का ते. ग्राहक आणि विक्रेत्यांकडून बाकीची खातरजमा मागवली की चुकीच्या माणसाच्या खात्यात गेलेल्या रकमा निघतात. तत्त्वाच्या चुकांसाठी मात्र मजुरी, दुरुस्ती आणि मालमत्ता ही खाती ओळीने वाचण्याला पर्याय नाही.

फरकाला ९ ने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली, हे खरे का?

शक्यता असते. शेजारचे दोन आकडे उलटले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो: ५,४०० आणि ४,५०० मध्ये ९००. शून्य गळले तरीही तसेच, ६४० च्या जागी ६४ लिहिले तर फरक ५७६, म्हणजे ९ गुणिले ६४. तसेच फरकाची निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे का ते पाहतात, आणि फरकाइतकीच रक्कम खतवायची राहिली आहे का तेही.

पण हे ताळे एकच चूक असेल तेव्हाच चालतात. आपल्या उदाहरणात २,६०० ला ९ ने भाग जात नाही, तरी वसंतच्या खात्यात अदलाबदल होतीच. निम्मे १,३०० येतात आणि तेवढी रक्कम कुठेच सापडत नाही, तरी सूट चुकीच्या बाजूला होतीच. तीन चुकांची गोळाबेरीज झाली की एकही ताळा लागू पडत नाही. मग सहाय्यक पुस्तकांच्या बेरजा पुन्हा करणे आणि खतावणीवर एकेक खूण करत जाणे, हेच हातात राहते.

चूक तेरीज करण्याआधीच सापडली तर?

एकतर्फी चूक असेल तर रोजकीर्दीत नोंद करायची गरज नाही, कारण दुसरे खातेच नाही आणि उचंत खाते अजून उघडलेले नाही. त्या एका खात्यातच, बरोबर बाजूला, कारण लिहून रक्कम टाकावी: वसंतच्या खात्यात नावे बाजूला ‘खतावणीत कमी लिहिलेली रक्कम ९००’. दुतर्फी चुकीला मात्र तेव्हाही रोजकीर्दीत नोंदच लागते.

आणि जुना आकडा खोडून वर नवा लिहू नये. खाडाखोड दिसली की ती चूक होती की लबाडी, हे नंतर कुणालाच ठरवता येत नाही.

अंतिम खाती तयार झाल्यावर, पुढच्या वर्षी चूक सापडली तर?

तोवर खरेदी, विक्री, मजुरी, सूट ही खाती बंद होऊन नफा-तोटा खात्यात विरलेली असतात. त्यांना नावे-जमा केले तर गेल्या वर्षीची चूक चालू वर्षाच्या नफ्यात मिसळते. म्हणून त्यांच्या जागी नफा-तोटा समायोजन खाते घेतात. खरेदीच्या बेरजेची चूक तेव्हा अशी दुरुस्त होईल:

नफा-तोटा समायोजन खाते नावे १,०००
  उचंत खाते जमा १,०००

मालमत्ता आणि वैयक्तिक खात्यांच्या बाक्या पुढच्या वर्षात ओढल्या जातात, त्यामुळे वसंत किंवा यंत्र ही नावे नोंदीत तशीच राहतात. समायोजन खात्याची बाकी शेवटी भांडवल खात्यात वळवतात. कंपन्यांसाठी आंतरराष्ट्रीय लेखामानक ८ प्रमाणे मागील काळातली मोठी चूक जुने आकडेच सुधारून पुन्हा मांडावी लागते. पाठ्यपुस्तकातल्या समायोजन खात्यामागचा विचारही तोच आहे.

उचंत खात्यात थोडी बाकी उरलीच तर ती खर्चात टाकून मोकळे व्हावे का?

टाकू नये. चूक सापडेपर्यंत ती ताळेबंदात दाखवतात, नावे बाकी असेल तर मालमत्तेच्या बाजूला आणि जमा बाकी असेल तर देण्यांच्या बाजूला. बाकी लहान आहे म्हणून चुकाही लहान असतील, असे नसते. ५०,००० आणि ४९,९०० च्या दोन विरुद्ध चुकांची बाकी १०० च दिसते.

संगणकावर हिशेब लिहिणाऱ्यांना हे सगळे शिकायची गरज उरली आहे का?

सॉफ्टवेअर नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय नोंद स्वीकारत नाही, आणि बेरीज व खतावणी स्वतःच करते. त्यामुळे दुसरी, चौथी, पाचवी आणि सातवी चूक तिथे सहसा होणार नाही. पहिली, तिसरी आणि सहावी मात्र तशीच होईल: बिल चढवायचे राहील, यादीतून अनिलऐवजी सुनील निवडला जाईल, मजुरीचे खाते सवयीने उमटेल. नफा ज्यांनी १३,४०० ने हलवला त्या दोन्ही चुका याच उरलेल्यांतल्या आहेत, आणि तेरीज पहिल्या क्षणापासून जुळलेली असल्यामुळे त्या शोधायची आठवणही कुणाला होत नाही.